भातकापणीनंतरचा सल्ला: फोटोतला उंच पक्षी सारस, करकोचा की शराटी?

भात कापून झालं की खलाटीत ओल असेपर्यंत बेडूक, खेकडे, गोगलगायी उघड्यावर येतात आणि त्यांच्या मागे उंच पायांचे पक्षी उतरतात. या दिवसांत शेतातून सर्वाधिक फिरणारा फोटो असतो ‘सारस आला’ म्हणून. कोकणात सारस किंवा इतर क्रौंच दिसणं ही फार विरळ गोष्ट आहे. अशा फोटोत बहुतेक वेळा कांडेसर निघतो, म्हणजे पांढऱ्या मानेचा करकोचा.

हा फरक पिकासाठीही महत्त्वाचा आहे. क्रौंच धान्य, भुईमुगाच्या शेंगा आणि कोवळे कोंब खातात. करकोचे आणि शराटी मात्र किडे, बेडूक, खेकडे, गोगलगायी टिपतात. वालाच्या किंवा भुईमुगाच्या वाफ्यात कांडेसर फिरताना दिसला तर तो पेरलेलं बी उकरत नाही, त्याला हाकलायची गरज नाही.

एक फोटो घेऊन तपासून पाहू. समजा, पेंढ्याच्या खुंटांत एक पक्षी उभा आहे. अंग करडं वाटतंय, मान पांढरी, पाय लालसर. पाय लाल आणि अंग करडं एवढ्यावर लोक सारस ठरवतात. इथे अंगाच्या रंगावर विसंबू नका. कांडेसराचं अंग चकचकीत काळं असतं, पण दुपारच्या उन्हात त्या चकाकीमुळे मोबाइलमध्ये ते करडं येतं. त्याऐवजी फोटो मोठा करून डोकं पाहा. कांडेसराच्या डोक्यावर काळी टोपी असते आणि तिच्याखाली मान लोकरीसारखी पांढरीशुभ्र असते. सारसाचं नेमकं उलट: डोक्याचा माथा राखाडी, तो सोडून बाकीचं डोकं आणि मानेचा वरचा भाग उघड्या लाल कातडीचा, त्याखाली मान फिकट राखाडी. फोटोत बांध किंवा माणूस असेल तर उंचीही बोलते. कांडेसर साधारण माणसाच्या कमरेपर्यंत येतो, सारस खांद्याला भिडतो.

थंडीत येणाऱ्या दोन क्रौंचांचीही खूण डोक्या-मानेवरच आहे. सामान्य क्रौंचाचा चेहरा आणि गळा काळा असतो, डोळ्यामागून मानेवर पांढरा पट्टा उतरतो. कांड्या करकोच्याच्या डोळ्यामागे पांढऱ्या पिसांचा झुबका असतो आणि गळ्याची काळी पिसं छातीवर लोंबतात. नावात करकोचा असला तरी हा क्रौंच आहे, म्हणून माहिती कळवताना नावाबरोबर खुणाही लिहा.

डोकं धूसर आलं असेल तर चोच पाहा. सूर्य समोर असताना घेतलेल्या फोटोत पक्षी नुसता काळा दिसतो, तेव्हाही चोचीचा आकार टिकतो. क्रौंचाची चोच सरळ असते आणि अंगाच्या मानाने आखूड वाटते. करकोच्याची लांब, जाड, बुडाशी रुंद. शराटीची कोयत्यासारखी खाली वाकलेली, तिथे गोंधळ उरतच नाही. काळ्या शराटीच्या डोक्यामागे लाल डाग असतो, त्याला पाहून सारस म्हणू नका. उघड्या चोचीच्या करकोच्याच्या मिटलेल्या चोचीत मध्ये फट दिसते, पण पिल्लांत ती नसते, म्हणून फट नाही एवढ्यावर त्याला वगळता येत नाही.

उडतानाच्या फोटोत सर्वांत जास्त फसगत होते. क्रौंच, करकोचे आणि शराटी तिघेही मान पुढे ताणून उडतात. मान आखडली असेल तर बहुधा बगळा. मात्र बगळाही जमिनीवरून उठताना पहिल्या काही फडफडींत मान लांब ठेवतो, म्हणून उडाल्याबरोबरचा एकच फोटो पुरत नाही. बटण दाबून धरून ओळीने फोटो घ्या आणि शेवटचे पाहा. करकोच्यांतही अपवाद आहे: लहान क्लावा मान आखडून उडतो. करकोचे ऊन तापल्यावर पंख पसरून घिरट्या घेत न ओरडता वर चढतात. क्रौंच बहुधा रांगेत किंवा बाणाच्या आकारात, मोठ्याने ओरडत जातात. शराटीही रांगेत उडतात, पण वाकडी चोच खालूनही दिसते. पांढऱ्या शराटीच्या पंखाखाली उघड्या तांबड्या कातडीचा पट्टाही दिसतो.

शेवटची खूण चांगल्या फोटोशिवायही चालते. पक्षी वडावर, आंब्यावर किंवा माडावर बसला असेल तर तो वर सांगितलेल्यांपैकी कोणताही क्रौंच नाही. करकोचे आणि शराटी झाडावर बसतात. या क्रौंचांचं मागचं बोट लहान आणि वर असल्यामुळे त्यांना फांदी पकडता येत नाही.

फोटो काढताना सूर्य पाठीमागे ठेवा. एक पूर्ण बाजूचा, बांधासकट. एक डोकं आणि चोच स्पष्ट येईल असा. आणि उडाला तर ओळीने. मोबाइलवर झूम ताणण्यापेक्षा आडोशाने थोडं जवळ जा, पण पक्षी मान उंच करून थांबला की तिथेच थांबा. डोकं आणि चोच दोन्ही न दिसणारा फोटो पाठवायचा झाल्यास ओळख अनिश्चित असं लिहून, गाव आणि तारीख टाकून पाठवा.