अंतरपाट दूर होतो तो क्षण: स्पीड रॅम्प कसा बसवावा

लग्नाच्या फिल्ममध्ये अंतरपाट बाजूला होतो तो क्षण जेमतेम दीड सेकंदाचा असतो. स्पीड रॅम्पने, म्हणजे एकाच शॉटमध्ये वेग बदलत, तो सावकाश दाखवायचा असेल तर निर्णय शूटिंगच्या वेळीच घ्यावा लागतो. टाइमलाइन सेकंदाला २५ फ्रेम्सची असेल तर शॉट सेकंदाला १०० फ्रेम्सने घ्या. मग वेग २५ टक्क्यांवर आणला तरी प्रत्येक फ्रेम खरी असते. भारतात वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे हॉलमधले बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. म्हणून १२० फ्रेम्स टाळा आणि शटर १/१०० ठेवा. नाहीतर स्लो भागात उजेड धडधडताना दिसतो आणि तो नंतर काढणं फार जिकिरीचं असतं.

समजा शॉट असा आहे: कॅमेरा अक्षता घेऊन उभ्या पाहुण्यांवरून चार सेकंदांत वधूवरांकडे वळतो, मग अंतरपाट सरकतो. प्रीमियर प्रोमध्ये क्लिपवर राइट क्लिक करून Show Clip Keyframes, Time Remapping, Speed निवडा. क्लिपवर आडवी रेष दिसेल. कंट्रोल (मॅकवर कमांड) दाबून रेषेवर क्लिक केलं की कीफ्रेम, म्हणजे वेग बदलण्याची खूण, पडते. एक अंतरपाट हलण्याच्या किंचित आधी आणि एक दोघांची नजरभेट झाल्यावर टाका. पहिल्या कीफ्रेमआधीची रेष ४०० टक्क्यांवर न्या, मधली २५ वर. चार सेकंदांचं वळण एका सेकंदात उरकतं आणि दीड सेकंदाचा क्षण सहा सेकंद टिकतो.

आता वेग धाडकन बदलेल. कीफ्रेमचे दोन अर्धे एकमेकांपासून ओढून दूर करा, म्हणजे मध्ये उतार तयार होईल, आणि निळ्या हँडलने त्याला गोलाई द्या. खरी कसोटी इथे आहे: कापड हलायच्या आत उतार संपलाच पाहिजे. उशीर झाला तर कापड झपकन जातं आणि चेहऱ्यावरचा पहिला भाव निसटल्यावर सगळं मंदावतं. एकेक फ्रेम पुढे नेत तपासा.

२५ टक्क्यांच्या खाली जाण्याचा मोह आवरा. तिथे खऱ्या फ्रेम्स पुरत नाहीत; Optical Flow हा पर्याय नसलेल्या फ्रेम्स अंदाजाने बनवतो, आणि हवेत उडणाऱ्या अक्षता त्याला ओळखता येत नाहीत. दाणे विरघळल्यासारखे दिसतात, हारांच्या कडा वितळतात. उलट जलद भाग अडखळत असेल तर तेवढा तुकडा कापून त्याला लगतच्या फ्रेम्स मिसळणारं Frame Blending लावा.

लांबलेल्या क्लिपला पुढची क्लिप लागून असेल तर शेवट गुपचूप कापला जातो, म्हणून आधी पुढच्या क्लिप्स सरकवून जागा करा. टाइम रीमॅपिंगचा आवाजावर परिणाम होत नाही, त्यामुळे चित्र आणि आवाज जुळत नाहीत. आवाज वेगळा करून शेवटचं ‘सावधान’ मूळ वेगातच ठेवा आणि ते कापड हलायला लागतं त्या फ्रेमवर आणून बसवा. वाजंत्री मागाहून सहा सेकंद सलग चालू द्या.