फसवणूक की न्यासभंग? फिर्याद लिहिताना या चुका टाळा

गेली अनेक वर्षे माझ्यासमोर आर्थिक गुन्ह्यांच्या फिर्यादींचे मसुदे येतात, आणि त्यांतील बहुतेकांत शेवटचा परिच्छेद जवळजवळ शब्दशः सारखा असतो: ‘आरोपीने माझा विश्वास संपादन करून, सुरुवातीपासूनच फसवणुकीच्या उद्देशाने, माझ्या रकमेचा अपहार करून विश्वासघात केला आहे, तरी कलम ४०६ व ४२० अन्वये कारवाई व्हावी.’ या एका वाक्यात दोन वेगवेगळे गुन्हे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की त्यांतील एकही धड उभा राहत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता लागू झाल्यावर न्यासभंगाच्या ४०६ च्या जागी ३१६ आणि फसवणुकीच्या ४२० च्या जागी ३१८ हे आकडे आले, पण परिच्छेद तोच राहिला.

या दोन गुन्ह्यांतील फरक समजून घेण्यासाठी एकच दिवस नीट पाहावा लागतो, तो म्हणजे पैसा किंवा वस्तू फिर्यादीच्या हातून आरोपीच्या हाती गेली तो दिवस. फसवणुकीत, म्हणजे कायद्याच्या मराठीत ज्याला ठकवणूक म्हणतात त्या गुन्ह्यात, आरोपीच्या मनातील लबाडी त्या दिवशी किंवा त्याआधी असावी लागते, कारण त्या लबाडीला भुलूनच फिर्यादी वस्तू सोडतो. फौजदारीपात्र न्यासभंगात त्या दिवशी सगळे सरळ असते. वस्तू विश्वासाने सोपवली जाते, आरोपी ती रीतसर स्वीकारतो, आणि लबाडी पुढे केव्हातरी येते, जेव्हा तो ती वस्तू स्वतःची समजून विकतो, गहाण टाकतो किंवा ठरल्यापेक्षा वेगळ्या कामाला लावतो.

‘सुरुवातीपासूनच’ हा शब्द लिहिला की हेतू सिद्ध झाला, असे समजणे

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण तिची किंमत फिर्यादीला मोजावी लागते. काही वर्षांपूर्वी हळदीचे एक व्यापारी माझ्याकडे आले होते. त्यांनी एका खरेदीदाराला चौदा महिने उधारीवर माल दिला होता. पहिल्या पाच खेपांचे पैसे थोड्या उशिराने, पण पूर्ण मिळाले होते. शेवटच्या तीन खेपांचे ११ लाख ४० हजार रुपये थकले. फिर्याद आधीच दुसरीकडून लिहून घेतली होती, तिच्यावरून दोन्ही कलमांखाली गुन्हा नोंदला गेला होता, आणि खरेदीदाराने तो रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज केल्यावर ते माझ्याकडे धावत आले होते.

फिर्यादीत ‘सुरुवातीपासूनच’ हा शब्द चार वेळा होता. त्याच फिर्यादीच्या तिसऱ्या परिच्छेदात मात्र पाच खेपांचे पैसे मिळाल्याची तारीखवार यादी होती. ज्याने पाच वेळा पैसे चुकते केले त्याचा हेतू पहिल्या दिवसापासून बुडवण्याचा होता, हे फिर्यादीनेच दिलेल्या यादीशी जुळत नव्हते, आणि न्यायालयानेही नेमके तेवढेच पाहिले. गुन्हा रद्द झाला. तोपर्यंत चार वर्षे गेली होती, आणि मालाच्या किमतीसाठी दिवाणी दावा लावण्याची तीन वर्षांची मुदत त्याआधीच संपली होती. पोलीस ठाण्यात आणि फौजदारी न्यायालयात घालवलेला काळ त्या मुदतीतून वजा होत नाही, ही गोष्ट त्यांना कोणी सांगितलीच नव्हती.

मला आजही खंत वाटते ती पुढच्या गोष्टीची. प्रकरण संपल्यावर कागद परत देण्यासाठी चाळत असताना खरेदीदाराचा एक संदेश सापडला. सातव्या खेपेच्या आधी त्याने लिहिले होते की परदेशातील एका मोठ्या ऑर्डरसाठी माल तातडीने हवा आहे आणि त्या ऑर्डरचे पैसे येताच जुनी बाकीही चुकती होईल. ती ऑर्डर हा संदेश पाठवण्याच्या आठ दिवस आधीच रद्द झाली होती, आणि रद्द झाल्याचे पत्र त्याच्याच माणसाने पुढे कधीतरी माझ्या पक्षकाराला दाखवले होते. म्हणजे शेवटच्या दोन खेपांपुरती फसवणूक खरोखर मांडता आली असती: अमुक तारखेला अमुक विधान केले, ते त्या दिवशीच खोटे होते, करणाऱ्याला ते खोटे असल्याचे ठाऊक होते, आणि त्यावर विसंबून माल सुटला. पण आठही खेपांना एकाच ‘सुरुवातीपासूनच’मध्ये गुंडाळण्याच्या घाईत ही एकमेव भक्कम गोष्ट फिर्यादीबाहेर राहिली.

म्हणून माझी सवय अशी आहे की मसुद्याला हात लावण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर आडवी रेघ मारायची, तिच्यावर वस्तू हातातून गेल्याची तारीख ठळक लिहायची, आणि पक्षकाराने सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्या तारखेच्या अलीकडे किंवा पलीकडे टाकायची. फोन न उचलणे, टोलवाटोलवी, दुकान बंद करणे, धमकी देणे हे सगळे बहुधा पलीकडे जाते. अलीकडे काहीच उरले नाही तर फसवणुकीचे कलम मी सुचवत नाही, पक्षकार कितीही रागावला तरी. अलीकडे काय बसते, तर विकायला काढलेली जमीन आधीच दुसऱ्याला विकलेली असणे, दिलेल्या धनादेशाचे खाते त्या दिवशी बंद असणे, एकच सदनिका त्याच आठवड्यात तिघांना देऊ करणे, खोटे नाव किंवा खोटा हुद्दा सांगणे. पलीकडच्या गोष्टी निरुपयोगी असतात असे नाही. रक्कम मिळाली त्याच दिवशी ती भलत्याच खात्यात वळवली असेल, तर त्यावरून आधीच्या मनाचा अंदाज बांधता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हृदय रंजन प्रसाद वर्मा प्रकरणात हेच सांगितले आहे: नंतरचे वर्तन पाहता येते, पण ती एकमेव कसोटी नव्हे, आणि केवळ वचन पाळले नाही एवढ्यावरून ते देतानाच मनात लबाडी होती असे गृहीत धरता येत नाही.

हा नियम नवा नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ४१५ खाली निळीच्या झाडांचे एक उदाहरण होते. झाडे पुरवण्याचा इरादाच नसताना आगाऊ पैसे घेतले तर ती ठकवणूक; पण पैसे घेताना पुरवण्याचा इरादा होता आणि नंतर करार मोडला, तर केवळ दिवाणी दावा. नवख्या वकिलाने कलमाची भाषा पाठ करण्याआधी हे उदाहरण दोनदा वाचावे असे मला मनापासून वाटते.

दिलेला प्रत्येक पैसा ‘सोपवलेला’ मानणे

न्यासभंगाचा पाया सोपवणूक हा आहे, आणि सोपवणूक म्हणजे नुसते देणे नव्हे. सोपवलेल्या वस्तूवर देणाऱ्याचा किंवा त्याने सांगितलेल्या कामाचा हक्क कायम राहतो. सराफाने कारागिराला दागिने घडवण्यासाठी सोने दिले, तर सोने सराफाचेच राहते, आणि कारागिराने ते परस्पर विकले तर न्यासभंग होतो. तेच सोने सराफाने महिन्याच्या उधारीवर विकले, तर विक्री पूर्ण होताच सोन्याची मालकी खरेदीदाराकडे जाते आणि सराफाकडे उरते ते फक्त येणे. स्वतःच्या मालकीच्या सोन्याचा अपहार खरेदीदार कसा करणार? उसनवारीचेही तसेच आहे, कारण उसने घेतलेले पैसे घेणाऱ्याचे होतात आणि तो फक्त तेवढी रक्कम परत देणे लागतो. मुद्रांक शुल्क भरण्यासाठी दलालाकडे दिलेली रक्कम मात्र त्या कामासाठी सोपवलेली असते, आणि ती त्याने स्वतःच्या कर्जफेडीला वापरली तर गोष्ट वेगळी होते.

ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर हाच प्रश्न होता. घोड्यांसाठी पुरवलेल्या धान्याचे पैसे थकले म्हणून न्यासभंगाची फिर्याद झाली होती. विक्रीच्या व्यवहारात सोपवणूक नसते, असे सांगून न्यायालयाने ती कारवाई रद्द केली, आणि एकाच घटनाक्रमावर फसवणूक व न्यासभंग हे दोन्ही गुन्हे एकत्र उभे राहू शकत नाहीत, हेही स्पष्ट केले.

यावर मला नेहमी ऐकू येणारे उत्तर म्हणजे ‘दोन्ही कलमे लावून ठेवू, एक तरी टिकेल.’ हा सल्ला देणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. पुराव्यावरून नेमका कोणता गुन्हा सिद्ध होईल याविषयी शंका असेल, तर पर्यायी दोषारोप ठेवण्याची मुभा न्यायालयाला आहे, पण ती मुभा म्हणजे फिर्यादीने दोन परस्परविरोधी कहाण्या सांगण्याचा परवाना नव्हे. एका परिच्छेदात ‘मी विश्वासाने सोपवले आणि त्याने नंतर बेईमानी केली’ आणि पुढच्या परिच्छेदात ‘त्याने आधीच खोटे बोलून माझ्याकडून काढून घेतले’ असे एकाच रकमेबद्दल लिहिले, की उलटतपासणीत बचावाच्या वकिलाला दोन्ही परिच्छेद शेजारी ठेवण्यापलीकडे काही करावे लागत नाही. व्यवहार दोन असतील, जसे की सोने सोपवले होते आणि वेगळ्या दिवशी खोटी थाप मारून रोख रक्कमही काढून घेतली, तर दोन्ही कलमे खुशाल लावावीत, पण कोणते कलम कोणत्या रकमेला हे स्वतंत्र परिच्छेदांत लिहावे.

न्यासभंगात सुरुवातीचा हेतू शोधत बसणे

ही पहिल्या चुकीची उलटी बाजू. खरी सोपवणूक असलेल्या प्रकरणात तपास पहिल्या दिवसाच्या मागे लागतो, आणि वस्तूचे पुढे काय झाले याची नोंदच गोळा होत नाही. कारागिराचे प्रकरण असेल तर सोने दिल्याची वजनासह पावती, घडणावळीचा ठराव, आणि ते गहाण ठेवले असल्यास गहाणाचा कागद, हे हवे. वस्तू परत मागणारी लेखी नोटीस हा गुन्ह्याचा घटक नाही, तरी मी ती पाठवल्याशिवाय पुढे जात नाही. समोरच्याने ‘वस्तू मिळालीच नव्हती’ असे खोटे उत्तर दिले, तर त्याची लबाडी त्याच्याच सहीने कागदावर येते.

आणखी काही चुका, थोडक्यात

पोलीस ठाणे हे वसुलीचे कार्यालय समजू नये. फौजदारी फिर्याद केली तरी दिवाणी दाव्याची तारीख वहीत लाल शाईने लिहून ठेवावी.

उलट, दिवाणी मार्ग उपलब्ध आहे म्हणून फौजदारी कारवाई होतच नाही, हेही खरे नाही. घटकांची पूर्तता असेल तर दोन्ही मार्ग एकाच वेळी चालू शकतात.

धनादेश न वटल्यास त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. बँकेकडून तो परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवावी लागते, आणि फसवणुकीच्या फिर्यादीच्या नादात ही मुदत हमखास निसटते.

आरोपीने नंतर पैसे परत केले म्हणून झालेली फसवणूक पुसली जात नाही.

गुन्हा ३० जून २०२४ पर्यंत घडलेला असेल, तर फिर्याद आज लिहिली जात असली तरी कलमे भारतीय दंड संहितेचीच लावावी लागतात, आणि हे ठरवण्यासाठी फसवणुकीत पुन्हा त्या कोऱ्या कागदावरची वस्तू हातातून गेल्याची तारीख पाहावी लागते, तर न्यासभंगात वस्तूचा अपहार झाल्याची तारीख.