बाजार चारपट झाला, कंपन्या तीनच: एंडोजिनस संक कॉस्टचं गणित

औद्योगिक अर्थशास्त्र घेतलेल्यांना हा धडा सोपा वाटतो. जाहिरातीला खर्च फार, म्हणून नव्या कंपन्या येत नाहीत, म्हणून केंद्रीकरण, म्हणजे बाजार मोजक्या कंपन्यांच्या हातात. तोंडी परीक्षेत एवढंच बोललात तर दांडी गुल होणार, कारण पुढचा प्रश्न ठरलेला: ‘मग बाजार वाढल्यावर तो खर्च परवडायला नको का?’

इथे घाई करू नका. मीठ-साखरेसारखा एकजिनसी माल घ्या. बाजाराचा आकार S, प्रवेशाचा बुडीत खर्च, म्हणजे परत न मिळणारी संक कॉस्ट, F, कंपन्या N. कंपन्या किती माल काढायचा ते ठरवून स्पर्धा करतात अशा कूर्नोच्या साध्या मॉडेलमध्ये प्रत्येकीचा ढोबळ नफा S/N². F १ कोटी आणि S १०० कोटी असेल तर १० कंपन्या तगतात. S ४०० कोटी झाला की २०. खर्च कितीही जबर असो, ठरलेला असेल तर वाढत्या बाजारापुढे तो किरकोळ होत जातो. म्हणजे नुसत्या ‘मोठ्या खर्चा’ने केंद्रीकरण टिकत नाही. मला हे पचायला वेळ लागला, आणि बाजारातल्या तयार नोट्सनी तो वाढवलाच.

जाहिरातीचा खर्च असा ठरलेला नसतो; किती ओतायचं हे कंपन्या स्वतःच ठरवतात, म्हणून ती एंडोजिनस संक कॉस्ट. बाजार मोठा झाला की ग्राहकाच्या नजरेत थोडं वर चढण्याचं फळही मोठं होतं; एकीने खर्च वाढवला की दुसरीला गप्प बसता येत नाही. नव्या कंपनीला जगवू शकला असता तो पैसा असा जाहिरातीत जिरतो.

ग्राहकाच्या मनातली पत u धरा, आणि ती मिळवायला लागणारा जाहिरातीचा खर्च आता F = u^γ. दोन अटी लागतात: पत आणखी वाढवून फायदा उरू नये, आणि प्रवेशानंतर निव्वळ नफा शून्य असावा.

```
F = 2S(N−1)²/(γN³)
F = S/N²
(N−1)²/N = γ/2
```

S कटला! γ = 8/3 घेतला, म्हणजे पत दुप्पट करायला खर्च सहापटीहून जास्त, तर N = 3. S १०० कोटी असताना प्रत्येकीची जाहिरात सुमारे ११ कोटी, ४०० असताना ४४. कंपन्या तीनच. पहिली अट स्वतः डेरिव्हेटिव्ह काढून मिळवा. दोन-तीन ओळींचं काम आहे, घाबरू नका.

अर्थशास्त्रज्ञ जॉन सटन यांनी १९९१ साली सहा देशांतले वीस खाद्य-पेय उद्योग तपासले तेव्हा शोधली ती केंद्रीकरणाची खालची मर्यादा. प्रत्यक्ष केंद्रीकरण तिच्या कितीही वर असू शकतं. म्हणून प्रबंधात सगळ्या बिंदूंमधून सरासरीची रेषा ओढू नका, आणि जाहिरातीला स्वतंत्र चल म्हणून समीकरणाच्या उजव्या बाजूला तर मुळीच बसवू नका. केंद्रीकरण आणि जाहिरात एकाच खेळातून निघतात. गोठवलेल्या अन्नाच्या धंद्यात घरगुती ग्राहकांसाठी मोजके जाहिरातवाले ब्रँड दिसतात, तर हॉटेल-कँटीनला माल देणारे छोटे उत्पादक जाहिरातीविना टिकतात. दोन्हींची आकडेवारी एकत्र केलीत तर परिणाम दिसणारच नाही.