कार्ट्रिज संपण्याआधी पोचणारा मेसेज : तयारीची यादी

पाणी गाळण्याच्या यंत्राचं कार्ट्रिज संपत आलं की ग्राहकाला नवं मागवायची आठवण करणारा मेसेज पाठवायचा असेल, तर मजकुराला हात घालण्याआधी कार्ट्रिजच्या खोक्यावर त्याचं आयुष्य कसं सांगितलंय ते नीट वाचा. तिथे बहुधा दोन आकडे असतात, एक लिटरचा आणि एक महिन्यांचा, आणि पुढे 'यांपैकी जे आधी होईल ते' असं छापलेलं असतं. बरेच रिमाइंडर इथेच चुकतात, कारण महिन्यांचा आकडा सोपा म्हणून सरसकट सगळ्यांना तोच लावला जातो. समजा, कार्ट्रिज १,२०० लिटर किंवा ६ महिने चालतं. रोज ८ लिटर पाणी गाळणाऱ्या घरात ते १५० दिवसांत संपेल. रोज ४ लिटर गाळणाऱ्या घरात लिटरच्या हिशेबाने ३०० दिवस भरतात, पण तिथे ६ महिन्यांची मर्यादा आधी येते. म्हणजे पहिल्या घराला सहा महिने भरल्यावर मेसेज गेला तर तो महिनाभर उशिरा गेला. म्हणून ऑर्डर घेतानाच 'रोज साधारण किती पाणी गाळता?' हा एक प्रश्न विचारून ठेवा. लिटर सांगता येत नसतील तर घरातल्या माणसांची संख्या विचारा. अंदाज ढोबळ असला तरी सगळ्यांना एकच तारीख लावण्यापेक्षा तो बरा.

आता दिवस मोजायचे कुठून, हे ठरवा. ऑर्डरच्या तारखेपासून नव्हे, कार्ट्रिज बसवल्याच्या तारखेपासून. माल पोचल्यावर 'कार्ट्रिज बसवलं का?' एवढंच विचारणारा छोटा मेसेज पाठवा, त्यात 'आज बसवलं' आणि 'नंतर बसवणार' अशी दोन बटणं द्या. उत्तर आलं नाही, तर जुन्या कार्ट्रिजची मुदत ज्या दिवशी भरते तोच दिवस नव्याची सुरुवात धरा, कारण शहाणा ग्राहक आधीच मागवून कपाटात ठेवतो. दोनच्या पॅकला मुदत दुप्पट धरायची. नव्या यंत्रासोबत एक कार्ट्रिज आधीच बसवून येत असेल, तर तेही हिशेबात घ्या.

मग संपण्याच्या दिवसापासून मागे या. वरच्या पहिल्या घराचंच पाहू. १५०वा दिवस शेवटचा. माल पोचायला ५ दिवस लागतात, आणि मेसेज वाचून ऑर्डर करेपर्यंत माणसाला १० दिवस द्यावेत, म्हणजे पहिला मेसेज १३५व्या दिवशी जायला हवा. ऑर्डर आली नाही तर दुसरा १४३व्या दिवशी पाठवा, तेव्हाही माल वेळेत पोचतो. १५०व्या दिवसाचा मेसेज मात्र ज्यांनी नवं मागवलंय त्यांना पाठवा : 'आज कार्ट्रिज बदला'. त्यात विकायचं काहीच नसतं, पण मला हाच सगळ्यांत मोलाचा वाटतो. नवं कार्ट्रिज कपाटात आणि जुनं यंत्रात, असं बऱ्याच घरांत होतं. शिवाय 'बदललं' हे बटण दाबलं की पुढच्या खेपेची खरी तारीख आपसूक मिळते.

मजकुरात कार्ट्रिजचा नेमका प्रकार, ते बसवल्याची तारीख आणि अंदाजे कधी संपेल ते हवं, आणि लिंक थेट त्याच कार्ट्रिजवर जायला हवी. असं लिहिता येईल : 'तुमचं कार्बन कार्ट्रिज साधारण दोन आठवड्यांत संपेल. रोज ८ लिटर पाणी धरून हा अंदाज केला आहे. आज मागवलं तर वेळेत पोचेल.' अंदाज कशावरून केला ते सांगितलं की ग्राहक तो दुरुस्तही करू शकतो, म्हणून खाली 'आमचा वापर कमी आहे' आणि 'आधीच घेतलंय' अशी दोन बटणं ठेवा. पहिलं दाबणाऱ्याला रोजचे लिटर विचारून तारीख नव्याने काढा. त्यातही महिन्यांची मर्यादा ओलांडू देऊ नका.

कारण सांगताना प्रकार पाहून लिहा. गाळ अडवणारा फिल्टर तुंबला की धार बारीक होते, ते घरात कळतं. कार्बनचं तसं नसतं. त्याची शोषून घेण्याची ताकद संपली तरी पाणी त्याच वेगाने येत राहतं आणि दिसतंही स्वच्छ. म्हणून कार्बनच्या मेसेजमध्ये 'धार कमी झाली का पाहा' असं लिहिलं, तर ग्राहक धार पाहतो, ती ठीक दिसते आणि तो निर्धास्त होतो. आजाराची भीती घालणारं वाक्यही नको, कारण प्रत्येकाच्या नळाला काय येतं ते आपल्याला माहीत नसतं.

जुन्या ऑर्डरींमधलं सरासरी अंतर काढून तीच मुदत मानायचा मोह होईल. त्या अंतरात लोकांचा उशीरही मोजला जातो, त्यामुळे खोक्यावरच्या मर्यादेपलीकडे त्याच्या जोरावर जाऊ नका.

पाठवणं सुरू करण्याआधी चार खोटे ग्राहक तयार करून तारखा तपासा : एकाने कालच पुन्हा ऑर्डर केली, एकाने माल परत केला, एकाने दोनचा पॅक घेतला, एकाने यंत्रच बदललं. पहिल्याला १४३व्या दिवसाचा मेसेज जाता कामा नये, १५०व्याचा जायला हवा. दुसऱ्याला आणि चौथ्याला जुन्या कार्ट्रिजचा एकही नाही, आणि तिसऱ्याला मागवण्याची आठवण २८५व्या दिवशी, पण बदलण्याची १५०व्या दिवशीच.