लहानग्यांसाठी हसरा भोपळा

हॅलोविनचा भोपळा ३१ ऑक्टोबरच्या एक-दोन दिवस आधीच कोरा. आठवडाभर आधी कोरलात तर आतून बुरशी धरते आणि चेहरा सुरकुततो. झाकण वरून न कापता तळाला भोक पाडा, म्हणजे भोपळा दिव्यावर नुसता ठेवता येतो. गर आणि बिया चमच्याने काढायचं काम मुलांचं, सुरी मात्र मोठ्यांच्याच हातात. चेहऱ्याची बाजू साधारण अडीच सेंटीमीटर जाड राहील इतकी खरवडा. जाड राहिली तर उजेड अडतो, फार पातळ झाली तर तोंड खचतं. डोळे मोठे गोल ठेवा, ओठांची टोकं वर वळवा. तिरपे डोळे आणि अणकुचीदार दात अंधारात उजळले की तीन वर्षांचं मूल खरंच घाबरतं. आत मेणबत्ती नको, बॅटरीचा पिवळसर एलईडी दिवा लावा.