झाकण ठेवले की आधण लवकर का येते?
मातीच्या चुलीवरील उघड्या पातेल्यातल्या चार तांबे पाण्याला आधण येईना, म्हणून आजीच्या सांगण्यावरून नातीने त्यावर ताटली ठेवली आणि थोड्या वेळाने उचलून पाहिली, तेव्हा तिच्या खालच्या बाजूस टपोरे, गरम थेंब लोंबत होते. हीच वाफ आधी वाऱ्यावर जात होती. एक ग्रॅम पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत तापवायला सुमारे ७५ कॅलरी पुरतात, परंतु तेवढ्याच पाण्याची वाफ होताना साडेपाचशेच्या आसपास कॅलरी उष्णता तिच्याबरोबर निघून जाते. झाकणाखाली ती वाफ बरीचशी कोंडली जाते. आधणात तांदूळ वैरल्यावर मात्र ताटली तिरकी सरकवावी, नाहीतर भात उतू जाऊन चूल विझते.