बंद लॅपटॉपची डिस्क केसिंगमध्ये घालून फाइल काढताना या चुका टाळा

जुलैमधल्या एका संध्याकाळी ताई दादरहून मुलुंडला भिजत घरी आली. लॅपटॉप सॅकमध्ये होता आणि सॅकच्या तळाशी पाणी साचलं होतं. दुसऱ्या दिवशी लॅपटॉपचा दिवासुद्धा लागेना. ती दहावीच्या शिकवण्या घेते, आणि सात-आठ वर्षांच्या प्रश्नपत्रिका, नोट्स, मुलांच्या फीचे हिशेब, सगळं त्यातच. रिपेअरवाल्याने मदरबोर्ड गेल्याचं सांगितलं आणि दोन दिवसांनी ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली.

मदरबोर्ड गेला म्हणजे डिस्क गेली असं नसतं. बहुतेक वेळा डिस्क शाबूत असते. ती बाहेर काढून केसिंगमध्ये घालायची आणि यूएसबीने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची. फाइल हातच्या जातात त्या बहुधा या जोडणीनंतरच्या पंधरा मिनिटांत, चुकीचं बटण दाबल्यामुळे. काही पातळ लॅपटॉपमध्ये आणि अलीकडच्या मॅकबुकमध्ये मात्र साठवणुकीच्या चिप थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेल्या असतात. तिथे केसिंगचा उपयोग नाही, बोर्ड दुरुस्त करणाऱ्याकडेच जावं लागतं.

चूक पहिली: डिस्क न बघता केसिंग आणणं

ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलात आणि नुसतं "एसएसडीची केसिंग द्या" म्हणालात, तर हातात काहीही पडू शकतं. आधी लॅपटॉप उघडा. मागचं झाकण निघालं की सर्वांत आधी बॅटरीची वायर बोर्डवरून सोडवा. लॅपटॉप मेलेला दिसला तरी बॅटरीत करंट असतो. मग डिस्क बघा. अडीच इंची चपटा डबा असेल तर ती साटा डिस्क, तिला साधी साटा-यूएसबी केबल चालते. च्युइंगमच्या पट्टीसारखी लांबट हिरवी किंवा काळी पट्टी असेल तर ती एम.२. तिचा एकच स्क्रू काढला की पट्टी आपोआप तिरकी वर उठते. तशीच तिरकी ओढून काढा, सरळ वर उपटू नका.

घोळ होतो तो इथेच. एम.२ पट्टी दोन प्रकारची असते, साटा आणि एनव्हीएमई, आणि आकार दोन्हींचा सारखाच. सोनेरी टोकाला दोन खाचा असतील तर ती बहुधा साटा, एकच असेल तर बहुधा एनव्हीएमई. पण "बहुधा"वर पैसे लावू नका, कारण काही लहान एनव्हीएमई पट्ट्यांनाही दोन खाचा असतात. पट्टीवरचं लेबल वाचा. त्यावर एनव्हीएमई किंवा पीसीआय-ई लिहिलेलं असेल तर केसिंग एनव्हीएमईचीच हवी. साटा पट्टी एनव्हीएमई केसिंगमध्ये व्यवस्थित बसते, केसिंगचा दिवाही लागतो, पण कॉम्प्युटरवर काहीच दिसत नाही. मग माणूस "डिस्क मेली" म्हणून मोकळा होतो. लेबल फाटलं असेल तर दोन्ही प्रकार चालवणारी केसिंग मागा. थोडे पैसे जास्त पडतात, पण मी आता घरात तीच ठेवतो.

ताईच्या पट्टीच्या टोकावर पांढरट डाग होते. पावसाचं पाणी सुकून राहिलं होतं. तशीच जोडली असती तर शॉर्ट होण्याची भीती. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने सोनेरी टोक हलकेच पुसलं, पट्टी पंख्याखाली रात्रभर ठेवली, आणि सकाळी जोडली.

काहीच दिसलं नाही तर

आधी केबल बदला. मोबाइलच्या चार्जरबरोबर येणाऱ्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून डेटा जात नाही. डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टऐवजी मागच्या पोर्टला लावा, आणि यूएसबी हब मध्ये नको. जुन्या फिरत्या हार्डडिस्कला सुरुवातीला जास्त करंट लागतो. तो कमी पडला की ती टक-टक करत पुन्हा पुन्हा सुरू होते, आणि आपण घाबरतो. चांगल्या पोर्टवरही टकटक चालूच राहिली तर मात्र लगेच काढा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. अशी डिस्क जितका वेळ फिरेल तितकी खराब होते.

मग विंडोज की आणि आर दाबून `diskmgmt.msc` टाइप करा. खालच्या भागात नवी डिस्क दिसली आणि ५१२ जीबीच्या डिस्कपुढे ४७६ जीबीच्या आसपास आकडा आला, तर केसिंग आणि डिस्क एकमेकांशी नीट बोलत आहेत. विंडोज वेगळ्या पद्धतीने मोजतं, म्हणून आकडा कमी दिसतो. डिस्कच दिसत नसेल, किंवा आकडा भलताच असेल, तर खोट केबल, केसिंग किंवा डिस्कमध्ये आहे. फाइलींचा विचार त्यानंतर.

चूक दुसरी: कॉम्प्युटरने विचारलं म्हणून हो म्हणणं

डिस्क जोडल्यावर विंडोज आपणहून काही प्रश्न विचारतं. एक असा:

```
You need to format the disk in drive F: before you can use it.
```

दुसरा Initialize Disk, आणि तिसरा Scan and fix. तिन्हींना उत्तर एकच: Cancel. पहिल्या प्रश्नाचा अर्थ इतकाच की विंडोजला त्या भागावरची मांडणी वाचता येत नाही. डिस्क मॅकमधली किंवा लिनक्समधली असेल, किंवा मांडणी थोडी बिघडली असेल. फाइली बहुधा तशाच पडून असतात. फॉरमॅटने त्यांची यादी पुसली जाते. इनिशियलाइझने विभागांची नोंद नव्याने लिहिली जाते. स्कॅन अँड फिक्स सर्वांत साळसूद वाटतं, पण तेही डिस्कवर लिहितं, आणि डिस्क दुबळी असेल तर त्या लिहिण्यातच उरलीसुरली जाते. फाइल कॉपी होईपर्यंत जुन्या डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही, एवढं धरून चाला.

चूक तिसरी: कुलूप दिसलं की आशा सोडणं

ताईची डिस्क दिसली, आकडा बरोबर होता, पण ड्राइव्हच्या चित्रावर पिवळं कुलूप. ती म्हणाली, "मी कधी पासवर्ड घातलाच नव्हता रे." खरंच घातला नव्हता. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा साइन-इन केलं की डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं बिटलॉकर आपोआप सुरू होतं. त्याची चावी मदरबोर्डवरच्या सुरक्षा चिपमध्ये असल्यामुळे लॅपटॉप चालू असताना जाणवत नाही. डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेली की ती ४८ अंकी रिकव्हरी की मागते. लॅपटॉप उघडायचा रोजचा पिन इथे चालत नाही.

ड्राइव्हवर दोनदा क्लिक केलं की चौकटीत More options आणि त्याखाली Enter recovery key येतं. तिथेच Key ID म्हणून आठ अक्षरं असतात. ती कागदावर उतरवून घ्या. मग मोबाइलवरून `aka.ms/myrecoverykey` उघडा, साइन-इन करा, आणि यादीत त्याच आठ अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा. घरात दोन लॅपटॉप असतील तर दोन चाव्या दिसतात. चुकीची घातली तर डिस्क बिघडत नाही, नुसती उघडत नाही.

ताईच्या खात्यात एकही चावी नव्हती. तिचा चेहरा उतरला. मी विचारलं, "लॅपटॉप पहिल्यांदा कोणी सुरू करून दिला होता?" भाच्याने. तो आता पुण्यात असतो. त्याने त्या दिवशी स्वतःच्या खात्याने साइन-इन केलं होतं, ताईचं खातं नंतर जोडलं. चावी बहुधा त्याच पहिल्या खात्यात जाते. फोनवर त्याने यादी उघडली, आठ अक्षरं जुळली, आणि तो सहा-सहा अंकांचे आठ गट वाचत गेला. एकदा नकार आला. इथे एक गोष्ट कामाला येते: प्रत्येक सहा अंकी गटाला ११ ने भाग पूर्ण जातो. पाचव्या गटाला जाईना. त्याने पुन्हा वाचला, शेवटचे दोन अंक उलटे ऐकले होते. कुलूप उघडलं.

लॅपटॉप शाळेच्या किंवा ऑफिसच्या खात्याने सुरू केला असेल तर चावी त्यांच्या आयटी विभागाकडे असते. घरी कोणी ती छापून किंवा पेनड्राइव्हवर ठेवली असेल तर तेही शोधा. चावी कुठेच नसेल तर फाइल मिळत नाहीत. "क्रॅक करून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

चूक चौथी: परवानगी मागितली की Continue दाबणं

आता `F:\Users` मध्ये ताईच्या नावाच्या फोल्डरवर क्लिक केलं तर विंडोज म्हणतं की तुम्हाला परवानगी नाही. Continue दाबलं की ते प्रत्येक फाइलच्या परवानग्या बदलत सुटतं, म्हणजे पुन्हा जुन्या डिस्कवर लिहिणं आलं. त्यापेक्षा नुसतं वाचून कॉपी करणारी आज्ञा द्या. चालू कॉम्प्युटरच्या D: वर Copy नावाचं फोल्डर बनवा, कमांड प्रॉम्प्ट Run as administrator ने उघडा आणि लिहा:

```
robocopy "F:\Users\Tai" "D:\Copy\Tai" /E /B /XJ /R:1 /W:1 /LOG:D:\Copy\log.txt
```

ड्राइव्हचं अक्षर आणि फोल्डरचं नाव तुमच्याकडे असेल ते घाला. `/B` मुळे परवानग्या न बदलता वाचता येतं. `/XJ` मुळे विंडोजमधली फसवी फोल्डरं वगळली जातात, नाहीतर कॉपी गोल गोल फिरत राहते. `/R:1 /W:1` विसरू नका. ते नसेल तर एका खराब फाइलवर रोबोकॉपी दहा लाख वेळा प्रयत्न करतं, दर प्रयत्नामागे तीस सेकंद थांबून. डिस्क दुबळी वाटत असेल तर आधी फक्त Documents आणि Desktop घ्या, सिनेमे शेवटी. लॅपटॉपवर हिशेबाचं सॉफ्टवेअर असेल तर त्याची माहिती बऱ्याचदा तुमच्या नावाच्या फोल्डरबाहेर असते, म्हणून `F:\Users\Public` आणि `F:\ProgramData` हेही बघा.

Documents रिकामं दिसलं तरी दचकू नका. वनड्राइव्ह चालू असेल तर खरी फोल्डरं `F:\Users\Tai\OneDrive` मध्ये असतात. त्यातल्या काही फाइल डिस्कवर नसतातच, नुसतं नाव असतं. फाइलच्या Properties मध्ये Size मोठा आणि Size on disk शून्य दिसला की समजायचं, ती इंटरनेटवर आहे.

ताईचं सगळं मिळून १४० जीबी होतं, पाऊण तासाच्या आत उतरलं. केसिंग हाताला चटका बसेल इतकी गरम झाली होती, म्हणून ती टेबलावर उघडी, पंख्याच्या वाऱ्यात ठेवली. एनव्हीएमई पट्टी जास्त तापली की वेग पडतो, कधी जोडणी मधेच तुटतेही. लॉगच्या शेवटी FAILED खाली ३ आकडा होता. लॉगमध्ये त्या तिन्ही फाइलची नावं शोधली, तर तिन्ही वनड्राइव्हमधल्या नुसत्या नावाच्या निघाल्या. ताईने मोबाइलवर वनड्राइव्ह उघडलं आणि तिथूनच त्या डाउनलोड केल्या.